मोफत दंत तपासणी शिबिराची सूचना कशी लिहावी आणि सोबत काय आणायला सांगावे

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. १४ डिसेंबरला, रविवारी, एका दंत महाविद्यालयाचे पथक आमच्या गावात मोफत तपासणीसाठी येणार आहे. गाव आणि तीन वस्त्या मिळून अडीच हजार लोक आहेत. सूचना लिहायचे काम सरपंचांनी माझ्याकडे दिले आहे. लोकांना सोबत काय आणायला सांगू? आधार कार्ड लागते का? उपाशीपोटी यायचे का? जमल्यास नमुनाही द्यावा.

उत्तर :

गुरुजी, नमुना खाली दिला आहे. मात्र तो फलकावर लावण्यापूर्वी पथकाच्या प्रमुखांना एक फोन करावा लागेल, कारण त्यातील काही वाक्ये त्यांच्या उत्तरांवर अवलंबून आहेत. मी दंतवैद्य आहे आणि गावोगावच्या शिबिरांत बरीच वर्षे तपासणी करीत आलो आहे. शिबिरात जी ओढाताण होते, तिचे मूळ बहुतेक वेळा सूचनेतच असते. कोणी दाढ काढून घ्यायची म्हणून मजुरी बुडवून येतो आणि तिथे फक्त तपासणी असते. कोणी रोजच्या गोळ्या घरी ठेवून येतो. कोणी मधुमेह असूनही सकाळपासून काही न खाता रांगेत उभा राहतो. म्हणून सूचनेतील प्रत्येक ओळ रुग्ण खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांना घ्याव्या लागणाऱ्या एखाद्या निर्णयासाठी उपयोगी पडणारी असावी आणि तशी नसलेली ओळ काढून टाकावी, असे माझे मत आहे.

फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, पथक केवळ तपासणी करणार आहे की दात साफ करणे, दाढ भरणे किंवा काढणे हेही तिथेच करणार आहे. काही महाविद्यालयांकडे खुर्ची, पाण्याची टाकी आणि जनरेटर असलेली फिरती गाडी असते आणि तिच्यात छोटे उपचार होऊ शकतात. गाडी नसेल तर शाळेच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून बॅटरीच्या उजेडात फक्त तपासणीच करावी. दुसरी, ते तपासणीच्या साहित्याचे किती संच आणणार आहेत. प्रत्येक माणसासाठी तोंडात घालायचा छोटा आरसा आणि टोकदार सळई यांचा वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेला स्वतंत्र संच लागतो आणि तो वापरला की पुन्हा निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडात घालता येत नाही. त्यामुळे शंभर संच असतील, तर त्या दिवशी शंभरच माणसे तपासून होतील, मग रांग कितीही मोठी असो. तिसरी, पुढील उपचारांसाठी रुग्णाला कुठे पाठवणार, तिथे कोणत्या दिवशी जायचे आणि तिथे खर्च येणार का. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय सूचना लिहायला घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण किडलेली दाढ नुसती दाखवून घरी गेलेल्या माणसाच्या हाती काहीच पडत नाही.

आता ‘मोफत’ या शब्दाविषयी. गावात हा शब्द वाचला की वृद्ध मंडळी कवळी मिळेल या आशेने येतात आणि दाढ दुखणारे ती काढून घेण्याच्या तयारीने येतात. कवळीसाठी तोंडाचे माप घ्यावे लागते, जबडे कसे मिटतात ते पाहावे लागते, मग ती बसवून पाहावी लागते. हे काम चार-पाच खेपांचे असते आणि एका सकाळी होत नाही. म्हणून काय मोफत आहे आणि काय होणार नाही, ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आणि सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहावीत. ‘होणार नाही’ असे लिहिल्यास लोक येणार नाहीत, अशी शंका आयोजकांना वाटते. थोडे लोक खरोखरच कमी येतात. पण जे येतात ते तपासणीसाठीच येतात आणि दुसऱ्यांदा शिबिर लावले तर पुन्हा येतात.

उपाशीपोटी येण्याची मुळीच गरज नाही. लघवी-रक्त तपासणीच्या शिबिरांमुळे ‘तपासणी म्हणजे उपाशीपोटी’ अशी समजूत घट्ट झाली आहे, त्यामुळे सूचनेत याविषयी काहीच लिहिले नाही तर बरेच जण न खाताच येतील. दातांच्या तपासणीसाठी पोट भरलेले असलेलेच बरे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न खाता बसलेल्या माणसाची साखर रांगेतच उतरू शकते आणि मग घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असा प्रकार होतो. याच्या उलट चूकही होते. उपाशी राहायचे म्हणून रक्तदाबाची सकाळची गोळी टाळली जाते, दाब चढलेला सापडतो आणि ज्याची दाढ काढता आली असती त्यालाही परत पाठवावे लागते. म्हणून एकाच वाक्यात सांगावे, की नेहमीप्रमाणे न्याहारी करून, नेहमीच्या गोळ्या घेऊन आणि दात घासून यावे.

सोबत आणायच्या वस्तूंपैकी सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे रोज चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे. गोळ्यांची नावे लोकांना पाठ नसतात आणि त्यांनी ती पाठ करावीत अशी अपेक्षाही करू नये. ‘बीपीची गोळी’, ‘पांढरी छोटी गोळी’, ‘हृदयाची गोळी’ एवढ्यावर डॉक्टरांना निर्णय घेता येत नाही. एका शिबिरात वस्तीवरून आलेल्या एका आजोबांची खालची दाढ इतकी हलत होती, की ती दोन मिनिटांत निघाली असती आणि त्यांचाही तसाच आग्रह होता. बीपीची गोळी चालू आहे एवढेच ते सांगत होते. बोलताना त्यांच्या दंडावर दोन जुने काळेनिळे डाग दिसले, तेव्हा ‘कुठे आपटलात का’ असे विचारले, तर ‘असे आपोआपच उठतात’ असे उत्तर आले. नातवाला मोटारसायकलवरून घरी पाठवून गोळ्यांचा डबा मागवला. त्यात बीपीच्या गोळीबरोबर हृदयाची झडप बदलल्यानंतर कायम घ्यावी लागणारी, रक्त गोठू न देणारी गोळी होती. अशा रुग्णाची दाढ काढण्यापूर्वी रक्त गोठायला किती वेळ लागतो, याची आयएनआर नावाची चाचणी ताजी असावी लागते आणि कृत्रिम झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दाढ काढण्याआधी प्रतिजैविकाची मात्राही द्यावी लागते. या दोन्ही गोष्टींसाठी त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवले. पाकीट आधीच सोबत असते, तर नातवाची फेरी आणि रांगेतील बाकीच्यांचा अर्धा तास वाचला असता. आणि दंडावरचे डाग शर्टाच्या बाहीखाली झाकलेले असते तर काय झाले असते, याचाही विचार करावा.

याच्याच जोडीला सूचनेत आणखी एक वाक्य हवे : दातांच्या तपासणीसाठी कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दाढ काढायची म्हटली की रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर आधीच थांबवण्याचा सल्ला गावात कोणीतरी देतोच. दाढेतून थोडे जास्त रक्त आले, तर कापूस दाबून किंवा टाका घालून ते थांबवता येते. पण गोळी थांबवल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली, तर ती तशी सहज हाताळता येत नाही. गोळी चालू ठेवायची की नाही, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

गोळ्यांखेरीज जुने कागदही आणायला सांगावेत, पण ‘सर्व वैद्यकीय कागदपत्रे’ असे मोघम लिहू नये, कारण मग एक तर पिशवीभर कागद येतात किंवा काहीच येत नाही. कोणत्या आजारांचे कागद हवेत ते नावानिशी लिहावे : मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फिट येणे, पूर्वी झालेला कॅन्सरचा उपचार. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शन किंवा आठवड्यातून एकदाची गोळी चालू असेल, तर तेही कळायला हवे. त्या औषधांनंतर दाढ काढल्यास काही जणांच्या जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही. एखाद्या औषधाने पूर्वी अंगावर गांध्या उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर त्या औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून आणायला सांगावे.

आधार कार्डाविषयी माझे मत स्पष्ट आहे. तोंड तपासायला आधार लागत नाही आणि ‘आधार कार्ड आवश्यक’ असे लिहिल्यास काही माणसे येतच नाहीत. डिसेंबरात तुमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरत असतील, तर त्यांतील अनेकांचे कागद मूळ गावी असतात आणि तंबाखूमुळे होणारे तोंडाचे आजार त्यांच्यात तपासायलाच हवेत. मात्र पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून एखादी शस्त्रक्रिया करायची झाली, तर नोंदणीसाठी रेशन कार्ड आणि ओळखपत्र लागते. म्हणून ‘असल्यास सोबत आणावे, नसले तरी तपासणी होईल’ अशी रचना करावी. सर्वांकडून घ्यायला हवा तो एक चालू मोबाइल क्रमांक, स्वतःचा नसेल तर घरातल्या कोणाचा तरी, कारण ज्यांना पुढे पाठवले ते तिथे पोहोचले की नाही, हे त्यावरूनच कळणार आहे.

मिश्री आणि तंबाखूविषयी लिहिताना शब्द जपून वापरावेत. मिश्री लावलेल्या हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला काळसर थर बसतो आणि त्याखाली असलेला पांढरा किंवा लाल चट्टा दिसत नाही; म्हणून त्या दिवशी सकाळी मिश्री न लावता, चूळ भरून यावे एवढेच सांगायचे आहे. सूचनेत मिश्रीची निंदा केली, तर नेमक्या ज्या बायकांना पाहायचे आहे त्याच घरी राहतात, किंवा आल्या तरी ‘मी लावत नाही’ असे सांगतात. त्याऐवजी लक्षणे लिहावीत. तोंडात दोन आठवड्यांहून जास्त दिवस न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट खाताना होणारी आग, किंवा स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नाहीत इतके कमी उघडणारे तोंड. यातील शेवटचे लक्षण सुपारी आणि गुटखा खाणाऱ्या तरुणांत फार आढळते. गालाच्या आतला भाग ताठर होत जातो आणि मुलाला वाटते की अक्कलदाढ येते आहे. तीन बोटांची खूण सूचनेत लिहिली की वाचणारा तिथेच उभा राहून ती करून पाहतो. ज्यांचे काहीच दुखत नाही अशी माणसे या एका ओळीमुळे तपासणीला येतात, असा माझा अनुभव आहे.

मुलांच्या बाबतीत पालक सोबत हवेत, कारण उपचाराला संमती त्यांनीच द्यायची असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना आवर्जून आणायला सांगावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कोणताही दात न पडता ती येत असल्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. ती दाढ पुन्हा येत नाही. गरोदर महिलांनीही यावे, पण कितवा महिना आहे ते आधी सांगावे. कवळी वापरणाऱ्यांनी ती घरी डब्यात न ठेवता सोबत आणावी, कारण टोचणारी कवळी आणि तिच्याखालची जखम दोन्ही एकत्र पाहावी लागतात.

काही रुग्णांना मात्र शिबिराची वाट पाहू नका, असे सूचनेनेच सांगायला हवे. गाल किंवा हनुवटीखालचा भाग सुजला आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही, घास किंवा थुंकी गिळताना त्रास होतो, अशा अवस्थेत दाढेचा पू गळ्याकडे उतरत असू शकतो आणि श्वास अडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ‘आठ दिवसांनी शिबिर आहेच’ म्हणून अशा माणसाने घरी थांबणे धोक्याचे आहे. त्याने त्याच दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

राहिला वेळेचा प्रश्न. दोन डॉक्टर असतील आणि नोंदीसह एका माणसाला पाच मिनिटे लागत असतील, तर एक डॉक्टर तासाला बारा जण पाहतो. सकाळी ९ ते दुपारी १ या चार तासांत दोघे मिळून शहाण्णव होतात. अडीच हजारांच्या गावात सर्वांना एकाच वेळी ‘सकाळी ९ वाजता’ बोलावले, तर साडेनऊलाच रांग शाळेबाहेर जाईल आणि लांबच्या वस्तीवरून चालत आलेली माणसे कंटाळून परततील. म्हणून वस्तीनिहाय वेळा द्याव्यात आणि लांबच्या वस्तीला पहिली वेळ द्यावी. तुमच्याकडे शेतीची वीज रात्रपाळीत येत असेल, तर रात्री गव्हाला पाणी देऊन आलेली मंडळी नऊला येणार नाहीत. त्यांच्या वस्तीला अकरानंतरची वेळ द्यावी. हे मला इथे बसून ठरवता येणार नाही, ते तुम्हालाच ठाऊक असेल.

पथक केवळ तपासणी करणार आहे, दोन डॉक्टर आणि शंभर संच आहेत असे धरून नमुना देतो. कंसांतील जागा तुम्ही भराव्यात.

मोफत दंत व मुख तपासणी शिबिर

रविवार, दि. १४ डिसेंबर, सकाळी ९ ते दुपारी १
स्थळ : जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, (गावाचे नाव)

गावातील सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, वरील दिवशी दातांची, हिरड्यांची आणि तोंडाची तपासणी मोफत होणार आहे. या दिवशी दाढ काढणे, दाढ भरणे किंवा कवळी बसवणे होणार नाही. ज्यांना उपचारांची गरज असेल त्यांना चिठ्ठी देऊन (रुग्णालयाचे नाव, वार, वेळ) येथे पाठवले जाईल. तेथील खर्च : (मोफत / अंदाजे रक्कम).

येताना : नेहमीप्रमाणे न्याहारी करून, रोजच्या गोळ्या घेऊन आणि दात घासून यावे. उपाशी राहू नये. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. सकाळी मिश्री किंवा तंबाखू न लावता, चूळ भरून यावे.

सोबत आणावे : रोजच्या गोळ्यांची पाकिटे, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फिट, ठिसूळ हाडे किंवा कॅन्सरच्या उपचारांचे कागद, न मानवणाऱ्या औषधाचे नाव, कवळी असल्यास कवळी, घरातील चालू मोबाइल क्रमांक. रेशन कार्ड व आधार कार्ड असल्यास आणावे, नसले तरी तपासणी होईल.

अवश्य यावे : तोंडात दोन आठवड्यांहून जुनी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असल्यास, तिखटाने आग होत असल्यास, स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसल्यास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना पालकांनी सोबत आणावे. गरोदर महिलांनी कितवा महिना आहे ते सांगावे.

गाल सुजून ताप असल्यास, तोंड उघडत नसल्यास किंवा गिळताना त्रास असल्यास शिबिराची वाट न पाहता आजच सरकारी रुग्णालयात जावे.

वेळा : (लांबची वस्ती) ९ ते १०, (दुसरी वस्ती) १० ते ११, (रात्री पाणी देणारी वस्ती) ११ ते १२, गावठाण १२ ते १. पहिल्या शंभर जणांची तपासणी होईल. उरलेल्यांची नावे पुढील शिबिरासाठी लिहून घेतली जातील.

चौकशी : (आशाताईंचा किंवा ग्रामपंचायतीचा क्रमांक)

पथकाबरोबर फिरती गाडी येणार असेल आणि दाढ काढली जाणार असेल, तर ‘होणार नाही’ हे वाक्य बदलावे आणि त्याच्या जागी लिहावे, की दाढ काढायची की नाही हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील आणि दाढ काढून घेणाऱ्यांनी सोबत एक नातेवाईक आणावा. पुढील शिबिर नक्की नसेल, तर नावे लिहून घेण्याचे आश्वासन देऊ नये. त्याऐवजी उरलेल्यांना त्याच रुग्णालयाचा वार सांगावा. महिला डॉक्टर येणार असल्याची खात्री असेल, तर ते अवश्य लिहावे, पण खात्री नसताना लिहू नये.

हा फलक मोठा आहे आणि वाचता न येणाऱ्यांच्या तो उपयोगाचा नाही. दवंडीसाठी किंवा घंटागाडीच्या भोंग्यावर सांगण्यासाठी चारच गोष्टी घ्याव्यात : वार, वेळ आणि जागा; फक्त तपासणी आहे, दाढ काढणार नाहीत; जेवूनखाऊन या; गोळ्यांची पाकिटे आणा. ही दवंडी गुरुवारी एकदा आणि शनिवारी संध्याकाळी माणसे शेतातून परतल्यावर एकदा द्यावी. मुलांच्या हाती घरोघर चिठ्ठी पाठवणार असाल, तर तिच्यावर गोळ्यांची ओळ सर्वांत वर लिहावी, आणि आशाताईंनी ज्या घरी मधुमेहाचे किंवा हृदयाचे रुग्ण आहेत तिथे शनिवारीच जाऊन पाकिटे पिशवीत घालून ठेवायला सांगावे.